शब्द कोणाचा

काझी शुऐब सरखोत यांचा पहिला शब्द हरवला तो एका निकाहाच्या मजलिशीत. खुतबा झाला, कबूल झालं, आणि शेजारचं ताट पुढे सरकवायला सांगताना ते अडले. "ते घ्या ना... ते गोड, आत बी असतं..." सगळे हसले. काझीसाब विनोद करतात असंच लोकांना वाटलं. पुण्याहून आलेली त्यांची मुलगी सफूरा मात्र हसली नाही. अब्बांना 'खजूर' हा शब्द आठवत नव्हता.

वर्षभरात माणसांची नावं गेली, मग झाडांची, मग किताबांची. सावित्रीच्या खाडीकाठी केळशेत आणि आजूबाजूच्या अकरा गावांत अडतीस वर्षं काझी असलेला हा माणूस, ज्याला नवनवे मसले, शरियतचे पेच, विचारायला लोक तरीतून, खाडीच्या होडीतून यायचे, तो आता वाक्याच्या मध्यावर थांबून हवेत बोटं फिरवायचा. डॉक्टरांनी निदान केलं. मेंदूच्या डाव्या बाजूला शब्द साठवणारा भाग हळूहळू झिजतो आहे. विचार शाबूत, समज शाबूत. शब्द तेवढे जाणार, आणि पुढेपुढे बाकीचंही.

सफूरा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नेमक्या याच दुखण्यावर काम करत होती. तिच्या गटाने बनवलेल्या यंत्राचं नाव 'सेतू'. अंगठ्याच्या नखाएवढी तारांची जाळी मेंदूच्या पृष्ठावर बसते आणि कानामागे त्वचेखाली एक चकती. माणूस एखादा शब्द शोधू लागला की त्या शब्दाभोवतीच्या पेशी एका ठरावीक नक्षीत चमकतात. आंब्याची नक्षी वेगळी, आईची वेगळी. दुखण्यात ती नक्षी उमटायला सुरुवात होते, पण पुरी होत नाही. सेतू अर्धी नक्षी वाचतो, उरलेली आपल्या बाजूने चेतवतो आणि शब्द जिभेवर येतो. बाहेरून आवाज नाही, पडदा नाही. बोलणाऱ्याला तो शब्द आपलाच वाटतो.

"उद्या दाखल व्हा," सफूरा म्हणाली.

"आधी मसला पाहू," काझी म्हणाले.

तीन दिवस ते पडवीत बसले. सफूराला वाटलं होतं, अब्बा किताबं उघडतील. त्यांनी तिलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. अडखळत, खुणा करत, पण एकही प्रश्न फुकट नाही. जाळी मेंदूला इजा करते का? काढता येते का? शब्द निवडतं कोण, मी की ते?

"अब्बा, फतवा द्यायला एवढी वीज कशाला समजून घ्यायची?"

"जे डोळ्यांसमोर नीट उभं नाही त्याच्यावर हुकूम कसा देणार? हा आमचा जुना कायदा आहे. वस्तू आधी, हुकूम नंतर."

मग त्यांनी तिला समजावलं, जसं ती लहान असताना समजावायचे. शरियतचे हुकूम हजारो आहेत, पण ते कशासाठी आहेत हा प्रश्न फकीहांनी, कायद्याच्या जाणकारांनी, फार पूर्वी विचारला. निशापूरच्या एका इमामांनी या हेतूंच्या पायऱ्या लावल्या. त्यांच्या शागिर्दाने पाच गोष्टी मोजून दाखवल्या, ज्या राखण्यासाठी कायदा आहे: दीन, जीव, अक्कल, वंश आणि मालमत्ता. या राखण्यालाच मकासिद म्हणतात. पायऱ्या तीन. पहिली जरूरियात, ज्यांच्याशिवाय जगणंच मोडतं. दुसरी हाजियात, ज्यांच्याशिवाय जगणं जड होतं. तिसरी तहसीनियात, ज्यांनी जगणं शोभतं.

"दारू हराम का? अक्कल राखायला. मग ज्याने अक्कल परत मिळते ते औषध हराम कसं होईल?"

"लोक म्हणतील, अल्लाहने घडवलेलं बदलता आहात."

"बदलणं वेगळं, बिघडलेलं नीट करणं वेगळं. लढाईत नाक तुटलेल्या एका सहाबीला, पैगंबरांच्या साथीदाराला, सोन्याचं नाक लावायची परवानगी खुद्द रसूलुल्लाहंनी दिली, एरवी पुरुषाला सोनं मना असताना." ते तिच्याकडे वळले. "इथपर्यंत मला शंका नाही. आता दुसरं सांग. अर्धी नक्षी म्हणजे किती अर्धी?"

सफूराने जपून सांगितलं. यंत्राच्या दोन चाली होत्या. 'आधार' चालीत सेतू नक्षी नव्वद टक्के जुळेपर्यंत थांबतो. शब्द उशिरा येतो, पण माणसाने निवडलेलाच येतो. 'अंदाज' चालीत चाळीस टक्क्यांवरच तो पुढे जातो. त्या माणसाच्या जुन्या बोलण्याचा साठा त्याला दिलेला असतो, त्यावरून पुढचा शब्द ताडतो. बोलणं पाण्यासारखं वाहतं. अंदाजाची ती चाल सफूराची स्वतःची होती. परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

"ती बंद ठेव," काझी म्हणाले.

"अब्बा! त्याशिवाय तुम्ही एका वाक्याला मिनिट लावाल."

"लावीन. बोलता येणं ही हाजत, गरज आहे. झरझर बोलता येणं ही शोभा. ग्रानाडाच्या एका फकीहांनी कायदा सांगून ठेवलाय, पूरक गोष्ट मूळ गोष्टीच्या मुळावर उठत असेल तर पूरक सोडायची, मूळ धरायचं. मी अक्कल राखायला यंत्र घेतोय. माझ्या जागी दुसऱ्यानेच निवड केली तर राखलं काय?"

तिला राग आला. आपल्या सर्वांत चांगल्या कामाला बापाने शोभा म्हणावं! पण जाळी बसली ती आधार चालीतच.

शस्त्रक्रियेनंतर काझींचे शब्द परतले. सावकाश, एकेक करून. लोक पुन्हा येऊ लागले, पण वर्षभर त्यांनी निवाडा केला नाही. रागावलेल्या काझीने निवाडा करू नये अशी हदीस आहे, ते सांगायचे. फकीहांनी पाहिलं की खरं कारण राग नसून अक्कल ठिकाणावर नसणं आहे. म्हणून भुकेलेला, तहानलेला, झोपेने पेंगणारा काझीही त्यात घातला. "यंत्र लावलेला त्यात येतो का, ते आधी मला कळू दे." वर्षभर ते रोज यंत्राच्या नोंदी मुलीकडून मागवून वाचत होते. एकही शब्द परका निघाला नाही. मग ते पुन्हा गादीवर बसले.

आणि त्यानंतर दाऊद तिसेकरची गोष्ट घडली.

दाऊद मालवाहू जहाजावर सेरंग होता. खलाशांचा मुकादम, गडगडाटी आवाजाचा, तापट. तरुणपणी त्याने बायकोला, मेहरूखला, दोनदा तलाक दिला होता. दोन्ही वेळा समुद्रातून, फोनवर आवाज पाठवून, आणि दोन्ही वेळा इद्दतीच्या, तलाकनंतरच्या ठरावीक मुदतीच्या, आत रडत परत घेतला होता. शरियतमध्ये परत घ्यायची संधी दोनदाच असते. तिसरा तलाक शेवटचा. दाऊदने तेव्हापासून तो शब्द तोंडातून काढला नव्हता. त्याला बावीस वर्षं झाली.

मग तो जहाजाच्या तळघरात शिडीवरून पडला. जीव वाचला, वाचा गेली. मेहरूखने आठ महिने त्याला चमच्याने भरवलं, धरून चालवलं, आणि पुण्याला नेऊन सेतू बसवून घेतला. डॉक्टरांनी जुन्या बोलण्याचा साठा मागितला तेव्हा तिने फोनमध्ये होते नव्हते ते सगळे आवाज दिले. दाऊद धडाधड बोलू लागला. घरात पेढे वाटले गेले.

एका दुपारी भाकरी भाजताना मेहरूखचा हात तव्याला लागला. दाऊद जवळच बसला होता. तिच्या हातावरचा तो लाल डाग पाहून त्याला एकदम भरून आलं. तो उठला, तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मेहरू, मी तुला तलाक दिला."

मग दाऊदने स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

संध्याकाळी मेहरूख महाडला भावाकडे गेली. तिथल्या मौलवी झुबेर पेवेकरांना तिने विचारलं. मौलवी कडक होते, पण खोटे नव्हते. ते म्हणाले, "शब्द साफ आहे. साफ शब्दाला नीयत विचारायची नसते. आणि हा तिसरा. बेटी, मला वाईट वाटतं."

आठ दिवसांनी ती काझींच्या दारात आली. "काझीसाब, माझ्या बाजूचा निवाडा नको," ती म्हणाली. "खरा हवा. तलाक झाला असेल तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. पण झाला नसेल तर माझा माणूस तिथे एकटा बसलाय. त्याला बटण लावता येत नाही."

काझींनी पुण्याला फोन लावला. "सफू, दाऊदच्या नोंदी पाहा. त्या दुपारच्या. आणि जे दिसेल ते सगळं घेऊन ये."

सफूराने नोंदी उघडल्या. प्रत्येक शब्दापुढे वेळ, खात्रीचे टक्के आणि चाल. 'मेहरू', शहाण्णव टक्के. 'मी', 'तुला', तसेच. पुढचा शब्द एकेचाळीस टक्क्यांवर अंदाजाने भरलेला. नक्षी 'त'पासून सुरू झाली होती आणि तिचं उरलेलं अंग तिने ताणून पाहिलं तेव्हा ते 'तकलीफ' या शब्दाशी जुळत होतं. मी तुला तकलीफ दिली. माणूस माफी मागत होता. यंत्राने साठ्यात पाहिलं, आणि साठ्यात 'मी तुला' नंतर, भरलेल्या गळ्याने, तोच एक शब्द दोनदा आला होता. शेवटचं क्रियापदही त्याने त्या शब्दाला जुळवून दिलं.

ती खुर्चीवर मागे टेकली. हे तिचं गणित होतं. तिच्या सहीचं.

तिच्या वरिष्ठांनी शांतपणे सांगितलं की नोंदी संस्थेच्या मालकीच्या आहेत, चाचण्यांची परवानगी अजून कच्ची आहे आणि रुग्णाने संमतिपत्रावर सही केलेली आहे. एकोणिसाव्या पानावर अंदाज चालीचा उल्लेख आहे.

"त्या माणसाला तेव्हा बोलता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं," सफूरा म्हणाली. "नोंदी त्याच्या डोक्यातल्या आहेत. त्याच्यासाठीच मागितल्यात, मी देणार." दुसरे एक सहकारी, परांजपे, तिच्याबरोबर निघाले. नोंद दोघांनी वाचलेली बरी, असं ते म्हणाले.

जमातखान्यात असरच्या, दुपार कलतानाच्या, नमाजनंतर मजलिस भरली. एका बाजूला पुरुष, पडद्यापलीकडे बायका, दारात खाडीचा वारा. दाऊद खाली मान घालून बसलेला. त्याने सेतू बंद करून घेतला होता आणि त्या दुपारपासून एक शब्द बोलला नव्हता. मौलवी झुबेरही आले होते. काझींनीच त्यांना बोलावलं होतं.

सफूरा उभी राहिली. तिने नोंद वाचून दाखवली आणि यंत्राची चाल साध्या भाषेत सांगितली. शेवटी म्हणाली, "हा शब्द दाऊदचाचांनी निवडला नाही. माझ्या यंत्राने निवडला. ती चाल मी बनवली आहे. रुग्णांना ती नीट समजावून द्यायला हवी होती, ते आम्ही केलं नाही." परांजप्यांनी नोंद खरी असल्याचं सांगितलं.

कुजबुज सुरू झाली. मौलवी झुबेर उठले.

"मुलगी खरं बोलते, मला पटलं. पण काझीसाब, मी दोन गोष्टी विचारणार. आज हे मान्य केलं तर उद्या कोणताही नवरा म्हणेल, मी नाही, यंत्र बोललं. आणि हल्ली मकासिदचं नाव घेऊन कुणीही कसाही हुकूम वाकवतो. अंदलूसच्या, जुन्या स्पेनच्या, त्या बादशहाची गोष्ट तुम्हीच आम्हाला शिकवलीत. रमजानात त्याने रोजा मोडला. प्रायश्चित्त म्हणजे गुलाम आजाद करणं. फकीह म्हणाला, बादशहाला गुलाम सोडणं सोपं आहे, त्याला अद्दल घडवायची तर साठ रोजे सांगू. हेतू चांगलाच होता. तरी उलमांनी तो फतवा फेकून दिला, कारण त्याने हेतूच्या नावावर साफ हुकूम उलटवला." त्यांनी काझींकडे पाहिलं. "आणि तिसरी गोष्ट. माफ करा, पण बोलतो. तुमच्याही डोक्यात तेच यंत्र आहे. हा फतवा काझी देणार की मशीन?"

सफूराचे कान तापले. ती काही बोलणार तोच काझींनी हात वर केला.

"बरोबर विचारलंत," ते म्हणाले. "सफू, माझं बंद कर."

"अब्बा, नावं जातील. किताबं जातील."

"जाऊ देत. बंद कर."

तिने सेतू चालवायच्या हातातल्या पाटीवर बोट ठेवलं. काझींच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. फक्त पहिल्या शब्दासाठी ते खूप वेळ थांबले.

"ते... पाच," ते म्हणाले आणि हाताची बोटं उघडली. "पाच आहेत. त्यातलं एक हे." त्यांनी कपाळावर टकटक केलं. "हे नसेल तर माणसावर... ओझं नाही. लहान मूल. झोपलेला. वेडा. झोपेत माणूस बायकोला बोलला, तर तुटतं का?"

"नाही," मौलवी म्हणाले.

"साफ शब्द असला तरी?"

"तरी नाही. नीयत विचारत नाहीत हे खरं, पण शब्द जाणून उच्चारलेला लागतो. मुखातून तो काढायचा इरादा हवा."

"बस. आपल्या... आपल्या त्या दमिश्कजवळच्या... नवा गावच्या इमामांनी..." हात हवेत फिरला. नाव आलं नाही. मौलवींनी नाव सांगितलं. काझींनी मान हलवली. "त्यांनी लिहिलंय. जीभ घसरली तर तलाक नाही. पण?"

"पण काझीपुढे त्याचं ऐकायचं नाही," मौलवी सावकाश म्हणाले. "करीना असल्याशिवाय. खूण, पुरावा असल्याशिवाय."

"हा." काझींनी सफूराच्या हातातल्या कागदांकडे बोट दाखवलं. "ही खूण. शंभर... हजार वर्षं असली खूण नव्हती. तेव्हाचे लोक चेहरा बघायचे. आता आत बघता येतं. मी हुकूम उलटवत नाही, भाई. तो... बादशहावाला उलटवत होता. मी आपल्याच... आपल्याच घरातला कायदा लावतोय. हेतू मला फक्त सांगतो, डोळा कुठे ठेवू."

मौलवी झुबेर नकळत दोन पावलं पुढे आले होते.

"आणि मेहरूख," काझी पडद्याकडे वळले. "बाय, त्याचा चेहरा कसा होता?"

पडद्याआडून आवाज आला. "रडत होता काझीसाब. माझ्या हाताकडे बघत होता."

"दुसरी खूण," काझी म्हणाले. मग ते मौलवींकडे वळले. "तुमची पहिली गोष्ट. उद्याचे नवरे. ग्रानाडाचे ते..." पुन्हा हात फिरला, पुन्हा मौलवींनी नाव पुरवलं, या वेळी झटकन. "ते म्हणाले, हुकूम देताना पुढे काय होईल ते बघा. म्हणून दार... बारीक ठेवायचं. नुसतं तोंडी म्हणणं चालणार नाही. नोंद हवी. दोन जाणकारांनी वाचलेली. नोंद पुसली असेल तर शब्द त्याचाच. आणि ज्याला माहीत आहे की हे यंत्र... पुढे धावतं, आणि तरी चालू ठेवतो, तो..."

"तो स्वतःहून दारू प्यालेल्यासारखा," मौलवी म्हणाले. "त्याने आपली अक्कल आपणच दुसऱ्याच्या हाती दिली. आपल्या मझहबात, कायद्याच्या परंपरेत, त्याचा शब्द धरतात."

"दाऊदला माहीत होतं?" काझींनी विचारलं.

"नव्हतं," सफूरा म्हणाली. "आम्ही सांगितलं नाही."

काझी तिच्याकडे वळले. डोळे बापाचे नव्हते, काझीचे होते. "बनवणारे. पूर्वी... कारागीर. कापड शिवायला दिलं, हरवलं. कारागीर अमानतदार, नुसता राखणारा, भरपाई नाही. मग खलिफांनी पाहिलं, लोकांचं नुकसान होतं. म्हणाले, दुसऱ्या कशाने लोक ताळ्यावर येणार नाहीत, कारागिराला जबाबदार धरा. आमच्या इमामांत यावर... दोन मतं. मी कडक मत घेतो. समजावून देणं बनवणाऱ्याचं काम. सिद्ध करणंही त्याचं. आजाऱ्याचं नाही."

"कबूल," सफूरा म्हणाली. तिची मान खाली गेली नाही.

काझींनी दाऊदच्या गुडघ्यावर हात ठेवला. "निकाह शाबूत आहे. घरी जा दोघं."

दाऊदने मान वर केली. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. यंत्र बंद होतं. ओठ थरथरत होते, कपाळावरची शीर फुगली. सगळा जमातखाना त्याच्याबरोबर तो शब्द ढकलत होता. मिनिटभर, जास्तच. मग तो घोगऱ्या, तुटक्या आवाजात बाहेर आला.

"त...क...लीफ."

पडद्यापलीकडे मेहरूखने तोंडाला पदर लावला. कुणीतरी मोठ्याने "अल्हम्दुलिल्लाह" म्हणालं.

मौलवी झुबेर काझींजवळ येऊन खाली बसले. "माझा पहिला जवाब मी परत घेतो," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि मशीनचं जे बोललो तेही. काझीसाब, नावं मी सांगितली, पण फतवा तुम्ही दिलात."

सफूराने पाटीवर पुन्हा बोट ठेवायला हात उचलला. काझींनी तिला थांबवलं. कागद मागवला आणि तिला लिहायला बसवलं, मराठीत, ते तुकड्यातुकड्यांनी सांगत गेले तसं. शेवटी त्यांनी एक ओळ घालायला लावली: यंत्राची हकीकत यंत्राच्या जाणकार सफूरा शुऐब सरखोत यांनी स्वतःविरुद्ध जाऊनही खरी सांगितली, निवाडा त्या हकीकतीवर उभा आहे.

"अब्बा, असं लिहीत नाहीत," ती म्हणाली.

"मी काझी आहे. मी लिहितो." त्यांनी सही केली, आणि ती वाळण्याआधीच कागद पुरुषांच्या बाजूला फिरवायला दिला. तो कागद हातोहात जाताना ते बघत होते. छाती थोडी पुढे आली होती. इतक्या वर्षांत कुणी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी संस्थेत बरंच घडलं. चाचण्या तीन महिने थांबल्या, सफूराला दोन चौकशांना तोंड द्यावं लागलं. पण अंदाज चाल सगळ्या रुग्णांमध्ये बंद झाली, आणि ज्याला ती हवी असेल त्याला समोर बसवून, त्याच्या भाषेत, दोनदा समजावल्याशिवाय ती सुरू होईनाशी झाली. आवाजांच्या साठ्यातून काय वगळायचं हे आधी घरच्यांना विचारलं जाऊ लागलं. टाळ्या या वेळी कुणी वाजवल्या नाहीत. सफूराला मात्र हे काम पहिल्यापेक्षा मोठं वाटलं आणि ती ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

निवाड्याची प्रत फिरत फिरत हैदराबादला गेली. तिथे नव्या मसल्यांवर विचार करणाऱ्या उलमांची मोठी बैठक भरणार होती. पत्र आलं, उर्दूत, मोठ्या अदबीने. काझीसाबांनी यावं, आणि निवाडा उर्दू किंवा अरबीत करून पाठवावा.

तोवर काझींचं दुखणं पुढे सरकलं होतं. सेतू असूनही वाक्यं आखूड झाली होती, प्रवास झेपणारा नव्हता. सफूराने पत्र वाचून दाखवलं. ते पडवीत ऊन खात बसले होते. त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"तू."

"मी? अब्बा, मी आलिम नाही. तिथे सगळे दाढीवाले उलमा..."

"यंत्र... त्यांना ठाऊक नाही. तुला ठाऊक. वस्तू आधी." दम घेऊन म्हणाले, "झुबेर येईल बरोबर. किताब तो. वस्तू तू."

"आणि भाषांतर? महिनाभर तरी लागेल मला."

काझी हसले. खाडीवर तरीची होडी निघाली होती, तिच्यातली माणसं हात उंचावून त्यांना सलाम करत होती. त्यांनीही हात उचलला, आणि तो तसाच ठेवून, प्रत्येक शब्द स्वतः निवडून, मुलीला सांगितलं.

"मराठीतच ने. केळशेतचा निवाडा आहे. त्यांना हवा असेल तर... करून घेतील ते."